पस्तीस टक्के वहिनी

माझ्या वहिनीला तिच्या खात्यात सगळे ‘भोंगा’ म्हणतात आणि हे तिला चांगलं माहीत आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती चादरींच्या घड्या घालायला म्हणून लागली आणि वीसेक वर्षांत तिथली सुपरवायझर झाली. धुलाईखाना तळघरात. तिथे वॉशिंग मशीन म्हणजे आपल्या घरातलं नव्हे, माणूस उभा आत जाईल एवढं. अशी सहा यंत्रं एकदम फिरत असताना ज्याला ऐकू जायला हवं त्याला ओरडूनच सांगावं लागतं. ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही. वहिनी ‘मीठ दे’ म्हणाली तरी शेजारच्यांनी दार उघडून बघितल्याचं मी पाहिलं आहे.

दुसरी सवय वाढवून सांगण्याची. एकदा तळघरात गरम पाण्याचा पाइप फुटला होता. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. त्या महिन्याअखेर ते गुडघ्यापर्यंत आलं. आता ते कमरेला लागलं आहे आणि पुढच्या वर्षी सगळे पोहत बाहेर येणार, यात मला शंका नाही. दादा तर तिच्या कुठल्याही आकड्याला सरळ तीनने भागतो. माझा दादा म्हणजे शांत माणूस. पाण्याचे पंप दुरुस्त करतो, पण पाठ धरल्यापासून जड काम होत नाही. तेव्हा घर चालतं ते भोंग्याच्या पगारावर.

हॉस्पिटलने ठरवलं, धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. तळघर बंद. वहिनी पन्नाशी ओलांडलेली. या वयात नवीन नोकरी शोधायची म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायला नको, कारण माझं पोटच त्यावर आहे. मी एका भरतीच्या कार्यालयात अर्ज चाळते. कंपन्या आमच्याकडे जागा कळवतात, अर्जांचा ढीग येतो आणि त्यातले कोणते पुढे पाठवायचे ते मी आणि आणखी दोघीजणी ठरवतो. एका अर्जाला अर्धं मिनिट मिळालं तरी पुष्कळ. कोणाला वाईट वाटो, पण हे असंच आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक नवं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. त्यांना कपडा विभागाला प्रमुख हवी होती. अर्ज शुक्रवारपर्यंत. सुदैवाने ती जागा आमच्या कार्यालयाकडून नव्हती, नाहीतर मला हातच लावता आला नसता. रविवारी दुपारी वहिनी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसली, एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “वाच. नुसती सही करायची बाकी आहे.”

मी वाचलं. पहिली ओळ अशी होती: ‘परिणामाभिमुख, गतिमान व समर्पित व्यावसायिक.’ दुसरी: ‘विविध घटकांशी प्रभावी समन्वय साधून कार्यक्षमता वृद्धिंगत केली.’ तिसरी: ‘गुणवत्ता व सुरक्षिततेच्या सर्वोच्च मानकांचे पालन सुनिश्चित केले.’ चौथी ओळ वाचेपर्यंत माझा चहा गार झाला.

“वहिनी, हे कोणाबद्दल आहे?”

“अगं, माझ्याबद्दल! कसं भारदस्त आहे ना?”

“यात चादर कुठे आहे?”

“चादर कशाला पाहिजे? तुझ्या भाचीने मोबाइलवरच्या एआयकडून करून दिलं. नुसतं सांगितलं, आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे, की आलं सगळं धडाधड! दोन मिनिटांत!”

दोन मिनिटांत आलं, ते दिसतच होतं. गेल्याच आठवड्यात ही दुसरी ओळ मी एका गोदामवाल्याच्या अर्जात वाचली होती, एका ग्रंथपालाच्या अर्जात वाचली होती आणि केक करणाऱ्या एका मुलाच्या अर्जातही वाचली होती. शब्द न् शब्द तोच. त्या केकवाल्यानेसुद्धा विविध घटकांशी समन्वय साधला होता. मैदा आणि अंडी असणार. मी हे वहिनीला सांगितलं तर ती खूश झाली. “म्हणजे बरोबर आहे. सगळे असंच लिहितात.”

“सगळे असंच लिहितात म्हणूनच मी ते बाजूला ठेवते गं! ही ओळ खरी असेल, खोटी असेल, मला कळायला मार्गच नाही. यातून तुझं नाव काढून दुसऱ्या कोणाचंही टाकलं तर काही बिघडतं का?”

“पण मी समन्वय साधतेच की.”

“कोणाशी?”

“सगळ्यांशी!”

कपाळावर हात मारून घ्यायचं काम मी त्या दुपारी निदान दहादा केलं असेल. ही बाई एरवी पाइप फुटल्याची गोष्ट तासभर सांगते, कोणाचा पाय घसरला, कोण रडलं, कोणाची चप्पल वाहून गेली, सगळं. आणि आयुष्य बदलू शकेल अशा कागदावर मात्र तिने एकही माणूस, एकही कपडा, एकही दिवस ठेवला नव्हता. घरी भोंगा आणि कागदावर परिपत्रक. मी तिला तसं म्हटलं. ती रागावली नाही. म्हणाली, “कागदावर गप्पा मारायच्या असतात का?”

मी जाहिरात काढून तिच्यापुढे ठेवली. “हे बघ, त्यांना काय हवंय ते त्यांनीच लिहिलंय. कपडा कमी पडू नये. संसर्ग पसरू नये. कामगार सुरक्षित राहावेत. आता मला सांग, यातलं तू काय केलंस? आधी काय होतं, तू काय बदललंस, नंतर काय झालं आणि हे कोणी पडताळून बघितलं तर कोण हो म्हणेल. बास. एवढंच.”

“कपडा कमी पडायचा ना! ऑपरेशनं थांबायची!”

“किती वेळा?”

“रोज!”

“रोज?”

“बरं, आठवड्यातून तीनचारदा.”

“वहिनी.”

“महिन्यातून दोनदा. तीनदा. पण पेशंट टेबलावर आडवा आणि वर घालायला हिरवी चादर नाही! सर्जन केवढ्याने ओरडायचा माहितीये?”

“तुझ्यापेक्षा मोठ्याने?”

“नाही, तेवढ्याने नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. चादरी कमी नव्हत्याच. प्रत्येक वॉर्ड आपल्याला कमी पडेल या भीतीने कपाटात दडवून ठेवत होता आणि सगळ्यांनी दडवल्यामुळे सगळ्यांना कमी पडत होतं. वहिनीने मेट्रनची परवानगी काढली, एक आठवडा वॉर्डावॉर्डात फिरून कपाटं उघडायला लावली आणि तेव्हापासून संध्याकाळी किती खाटा भरलेल्या आहेत ते विचारून तेवढाच कपडा सकाळी द्यायला सुरुवात केली. एखाद्या वॉर्डाला अचानक जास्त लागला तर तासाभरात पोचवायचा, हे वचन दिलं आणि पाळलं. दडवणं बंद झालं. चादरीअभावी ऑपरेशनला उशीर होणं बंद झालं. त्या वर्षी नवीन चादरींची खरेदीही रद्द झाली.

“हे खरं?”

“तिथल्या थिएटरच्या सिस्टरला विचार. ती अजून आहे.”

“मग हे का नाही लिहिलंस?”

“यात लिहिण्यासारखं काय आहे? कपाटंच तर उघडली.”

मी दात-ओठ खात लिहून काढलं: ‘चादरींअभावी महिन्यातून दोन-तीन शस्त्रक्रियांना उशीर होत असे. वॉर्डांनी साठवलेला कपडा परत मिळवला आणि भरलेल्या खाटांनुसार रोजचे वाटप सुरू केले. त्यानंतर या कारणाने उशीर झाला नाही. त्या वर्षीची नवीन खरेदी टळली.’ वहिनीने ते वाचलं आणि तिचं तोंड उतरलं.

“हे फारच साधं वाटतंय. वृद्धिंगत कुठे गेलं?”

“गेलं खड्ड्यात.”

“एक तरी वृद्धिंगत ठेव ना गं.”

मी ठेवलं नाही. उठून परत चहा टाकला, कारण नुसत्या तोंडाने ही बाई माझ्याच्याने आवरणार नव्हती.

कामगारांच्या सुरक्षिततेवर आलो तेव्हा मात्र जरा विचित्र झालं. तिसरी ओळ, ती सर्वोच्च मानकांची, मी बोटाने दाखवली आणि विचारलं, “यात तुझ्या डोक्यात नेमकं काय होतं?”

“सुया,” ती म्हणाली.

वॉर्डातून मळलेला कपडा येतो त्यात काय काय येतं, हे तिने सांगितलं. चमचे, चष्मे, एकदा कोणाचे तरी दात. आणि सुया. इंजेक्शन दिल्यावर सुई डब्यात टाकायची असते, पण घाईत ती चादरीवर राहते, चादर गुंडाळली जाते आणि पिशवीतून खाली येते. खाली निवड करणाऱ्या बायका पिशवीत हात घालून कपडा ओढून काढत. सुई कोणत्या रोग्याची, त्याला काय झालेलं, काही कळायला मार्ग नाही. वहिनीने पद्धत बदलली. पिशवीत हात घालायचा नाही, ती टेबलावर ओतायची. पिशवी अंगाला टेकवून उचलायची नाही. जाड हातमोजे, टेबलाला लागूनच सुया टाकायचा डबा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रत्येक पिशवीवर वॉर्डाची आणि पाळीची चिठ्ठी. सुई सापडली की तिचा फोटो त्याच दिवशी त्या वॉर्डाच्या सिस्टरकडे. महिन्याच्या बैठकीत नव्हे, त्याच दिवशी.

“आणि मग?”

“आधी दिवसाआड सुई निघायची. वर्षभरात महिन्याला एखाददुसरी.”

“नक्की? दादासारखं तीनने भागू का?”

“भाग हवं तर. डबा रिकामा करणाऱ्याची नोंद आहे.”

“आणि टोचल्या किती जणांना? आधीच्या वर्षात?”

“चार.”

मी थांबले. इतक्या वर्षांत ही बाई एखादा आकडा अशी एका दमात बोलली नव्हती. ना ‘चाळीस’, ना ‘चारपाच’, ना ‘अगं कितीतरी’. मी मुद्दाम म्हटलं, “पाच ना?”

“चार. नंतर दोन वर्षं एकालाही नाही.”

“याची नोंद आहे?”

इथे ती जरा चुळबुळली. “अपघाताच्या नोंदीत तीन आहेत.”

“मग तीनच लिहायचे. कोणी विचारलं तर दाखवता येईल तेवढंच लिहायचं. चौथी कोण?”

“होती एक,” ती म्हणाली आणि तिने कप उचलून धुवायला घेतला. “तीन लिही.”

वहिनी आकडा कमी करायला तयार झाली, हे बघून मला खरं तर आनंदच झाला. मी मनात म्हटलं, शिकली बिचारी. आणि लिहिलं: ‘मळलेल्या कपड्यातील सुयांमुळे वर्षभरात तीन कामगार जखमी झाले होते. निवडीची पद्धत बदलली आणि सापडलेल्या सुईची माहिती त्याच दिवशी संबंधित वॉर्डाला देणे सुरू केले. पुढील दोन वर्षांत एकही जखम नाही.’ आणखी दोन ओळी झाल्या, नवीन मुलींना काम शिकवण्याच्या आणि एका बिघडलेल्या यंत्राच्या. संध्याकाळी मी ती फाइल भाचीला पाठवली आणि सोबत लिहिलं, ‘काहीही बदलू नकोस. फक्त पाठव.’

बोलावणं आलं. आठ दिवसांनी सकाळी अकराला मुलाखत. दादाला इतका वेळ बसवत नाही म्हणून सोबत मी गेले. नव्या हॉस्पिटलचा तो लांबलचक पॅसेज, भिंतीला चिकटवलेल्या खुर्च्या, समोर पाण्याचं मशीन. वहिनी हळू बोलायचा प्रयत्न करत होती आणि पॅसेजच्या टोकाचा पहारेकरी तरीही वळून बघत होता. मी म्हटलं, आत जायच्या आधी एकदा आपल्या ओळी नजरेखालून घाल. भाचीने पाठवलेला अर्ज तिच्या मोबाइलवर उघडला.

माझ्या ओळी दिसत होत्या. म्हणजे साधारण दिसत होत्या. खाटा होत्या, सुया होत्या. पण सुयांच्या ओळीच्या शेवटी लिहिलं होतं: ‘अभिनव उपाययोजनांद्वारे कर्मचारी सुरक्षितता वृद्धिंगत करत सुईजन्य जखमांमध्ये ३५ टक्के घट साध्य केली.’

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, हे मी वाढवून सांगत नाही. मी तिथल्या तिथे भाचीला फोन लावला.

“पस्तीस टक्के कुठून आले?”

“आत्या, मी फक्त पॉलिश केलं. आईच म्हणाली, एखादा वृद्धिंगत घाल म्हणून. मग मी ते परत त्याच्यात टाकलं.”

“आणि पस्तीस?”

“ते त्याने घातलं असेल. आकडा असला की चांगलं दिसतं ना?”

“अगं, तिनावरून शून्य म्हणजे पस्तीस टक्के घट होते का? तुझं तू वाचलंस तरी का?”

वाचलं नव्हतं. कशाला वाचेल? ते तर भारदस्त होतं. मी वहिनीकडे वळले. ती आपल्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती.

“तू सांगितलंस तिला?”

“एकच शब्द सांगितला होता गं.”

मला इतका संताप आला होता की रडूच येईल असं वाटलं. रविवारची अख्खी दुपार घालवून एकेक खडा निवडून काढलेला आणि या मायलेकींनी परत मूठभर खडे आत टाकले. आणि खडा टाकायचा तो कुठे, तर ज्या ओळीवर हॉस्पिटलवाले हमखास बोट ठेवणार, तिथे. तिनाचे पस्तीस टक्के कमी केले तर दोन उरतात, एवढा हिशेब आतल्या कोणालाही येत असणार. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर अर्ज खोटा. मी तिला हे सांगायला तोंड उघडलं तोवर दार उघडलं आणि आतून कोणीतरी तिचं आडनाव पुकारलं.

“विचारलं तर खरं सांग,” मी एवढंच म्हणू शकले. “वाढवू नकोस. देवाशपथ वाढवू नकोस.”

ती आत गेली. मी पाण्याच्या मशीनकडे बघत बसले. दार जाड होतं, पण भोंग्याला जाड दार म्हणजे काहीच नाही. सुरुवातीचं मला बऱ्यापैकी ऐकू येत होतं: खाटा, कपाटं, सर्जन. एकदा आत कोणीतरी हसलं. आणि मग आवाज बंद झाला. पूर्ण बंद. वीस वर्षांत मी वहिनीचा आवाज असा बंद झालेला ऐकला नव्हता. मला वाटलं, संपलं. पस्तीस टक्क्यांवर आले.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. आम्ही रस्त्यापर्यंत गेलो. बसच्या थांब्यावर टेकल्यावर तिने सांगायला सुरुवात केली, आणि मला ऐकायला वाकावं लागलं.

आत तिघंजण होते. त्यातल्या मुख्य परिचारिकेने, वयाने वहिनीएवढ्याच बाईने, त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि विचारलं, “हे पस्तीस टक्के कशाचे?”

“मला माहीत नाही, म्हटलं. ते माझे नाहीत. कागद चांगला दिसावा म्हणून मशीनने घातले आणि ते घालायला मीच लावलं. माझ्याकडे टक्के नाहीत, म्हटलं, माणसं आहेत. तिघांची नोंद आहे. चौथी मी.”

बस आली आणि गेली. आम्ही उठलो नाही.

ती सांगत राहिली. सुपरवायझर होऊन दोनच महिने झाले होते, अजून कायम केलेलं नव्हतं. पिशवीत हात घातला आणि अंगठ्याच्या खाली टोचलं. नोंद केली असती तर वर चौकशी गेली असती, आणि कायम व्हायच्या आधीच सुपरवायझरच निष्काळजी निघाली, असं झालं असतं. म्हणून तिने हात धुतला, मोजा चढवला आणि कोणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या एका तपासणी केंद्रात जाऊन रक्त देऊन आली. मग परत काही आठवड्यांनी. मग परत काही महिन्यांनी. शेवटचा कागद स्वच्छ येईपर्यंत.

“ती बाई माझ्यावर चिडलीच,” वहिनी म्हणाली. “टोचल्या टोचल्या सांगितलं असतंत तर वेळेत औषध मिळालं असतं, म्हणाली. नोंद न करणारी सुपरवायझर आम्ही कशी घ्यायची, म्हणाली.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, बरोबर आहे. मला भीती वाटली म्हणून मी लपवलं. म्हणजे माझ्या हाताखालच्यांनाही वाटत असणार. म्हणून पद्धत बदलली तेव्हा पहिला नियम तोच केला. सुई टोचो नाहीतर नुसती मोज्याला घासून जावो, आधी मला सांगायचं, मग डॉक्टर, मग नोंद. आणि सांगणाऱ्याला कोणी एक शब्द बोलायचा नाही, मीसुद्धा नाही. पहिल्या दोन महिन्यांत नुसत्या मोज्याला घासल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की मेट्रन म्हणाली, तुझ्या नव्या पद्धतीने तर वाढलंच सगळं. म्हटलं, वाढलं नाही, आता कळायला लागलंय.”

हे तिने मला रविवारी सांगितलं नव्हतं. सगळ्यात चांगली ओळ ती होती. इतकी वर्षं अर्ज चाळते आहे, ‘आधी आकडे वाढले’ असं लिहिलेला अर्ज माझ्या हातात कधी आलेला नाही, आणि आला असता तर मी तो ढिगाच्या सगळ्यात वर ठेवला असता. चिडायचं होतं, पण चिडता येईना.

“आणि ती काय म्हणाली?”

“काही नाही. कागदावर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, तुमचा आवाज नेहमीच असा असतो का. म्हटलं, यंत्रं चालू झाली की कळेल.”

संध्याकाळी घरी तिने दादाला सांगितलं. टेबलाशी आम्ही चौघं होतो. भाची मान खाली घालून बसली होती. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्या वर्षी तू पोरीला तुझ्या ताटातलं उष्टं द्यायचं बंद केलंस. रुमाल वेगळा ठेवायला लागलीस. मी म्हटलं, सुपरवायझर झाली, शिष्टपणा आला.”

“तू म्हणालास तसं. दोनदा.”

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू तीनने भागलं असतंस,” वहिनी म्हणाली.

दादा हसला नाही. उठला, पाठ धरत धरत तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा होता. मला डोळे पुसावे लागले. भाचीने मोबाइल पालथा करून ठेवला.

पुढच्या आठवड्यात फोन आला. नोकरी मिळाली, ‘सहा महिने बघू’ या बोलीवर. रुजू होताना त्यांनी दुरुस्त केलेला अर्ज मागितला. तो या वेळी वहिनीने स्वतः माझ्या टेबलावर बसून लिहिला, पेनाने, आणि मी फक्त टाइप केला. ‘आधी नोंदी वाढल्या’ ही ओळ तिने घातली. तपासणीचं काही घालू नको, ते तुझं खासगी आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, ते नाही घालत. आणि ‘तीन नोंदलेले, एक न नोंदलेली’ असं लिहून तिने कागद माझ्याकडे सरकवला. वृद्धिंगत मागितलं नाही.

आता त्या मुलाखतीची गोष्ट ती येईल त्याला सांगते. शेजारच्यांना सांगितली तेव्हा आत पाचजण बसले होते. दादाच्या मित्राला सांगितली तेव्हा सात होते आणि त्यातला एक परदेशातून आलेला होता. टेबल लांबत चाललं आहे, मुख्य परिचारिका उंच होत चालली आहे, आणि परवा तर सर्जनने उठून टाळ्या वाजवल्या. सर्जन त्या खोलीत नव्हताच. मी डोक्याला हात लावून ऐकते, दादा तीनने भागत बसतो, भाची हसू दाबते.

मग ती सुयांवर येते. आवाज आपोआप खाली येतो. ऐकणारा विचारतो, किती जणांना टोचलं होतं?

“चार,” वहिनी म्हणते. दर वेळी चारच. आणि दादा भागत नाही.